ऑफिसात हसणारी आई घरी येताच रिकामी का होते?

“ताई, आमचा मुलगा अडीच वर्षांचा. आम्ही दोघंही नोकरी करतो, हडपसरला राहतो. ऑफिसात मी बरी असते, मैत्रिणींबरोबर हसते, नीट जेवते. पण साडेसहाला पाळणाघराच्या दारात उभी राहिले की अंगातलं त्राणच जातं. मग घरी त्याचं लोळण घेणं, जेवणाचा गोंधळ, अकरापर्यंत जागरण, रात्री दोनदा उठणं. मी सगळं करते, पण यंत्रासारखं. आतून काही वाटतच नाही. परवा त्याच्यावर हात उगारला आणि तो घाबरून मागे सरकला. नवरा सोसायटीत पोचूनही पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो. सासूबाई म्हणतात, आम्ही चार वाढवली, असं काही झालं नाही. दोन दिवस माहेरी राहून आले, परतल्यावर पुन्हा तेच. माझ्यात आईपणच नाही का?”
– थकलेली आई, पुणे

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली ‘ऑफिसात मी बरी असते’ ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. नैराश्यात माणसाला सहसा कुठेच बरं वाटत नाही. ऑफिस, मैत्रिणी, आवडीचं खाणं, सगळंच बेचव होतं. तुझं रितेपण मात्र पाळणाघराच्या दारात सुरू होतं. पालकपणातल्या या थकव्यावर बेल्जियममध्ये इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाइचाक या दोन मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. त्या चार खुणा सांगतात: मुलाच्या नुसत्या विचारानेही दमायला होणं, ‘मी आधी अशी नव्हते’ असं वाटत राहणं, या भूमिकेचा वीट येणं आणि मुलापासून मनाने दूर जाणं. शेवटची खूण म्हणजेच तुझं यंत्रासारखं वागणं. तेल संपत आलं की मन आधी माया आवरती घेतं आणि भरवणं-धुणं तेवढं चालू ठेवतं. आईपण नसतं, तर हा फरक तुला टोचलाच नसता.

माहेरच्या दोन दिवसांनी काही बदललं नाही, याचंही कारण या दोन मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आहे. एकीकडे भार आणि दुसरीकडे आधार, यांचं गणित महिनोन् महिने भाराच्या बाजूने कलत राहिलं की हा थकवा येतो. माहेरी तू विसावलीस, पण भार होता तिथेच राहिला आणि सोमवारी तुला पुन्हा भेटला. म्हणून स्पा, सहल, ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असलं काही मी सांगणार नाही. रोजच्या भारातून काय उचलून बाजूला ठेवता येईल, ते पाहू. तुझ्या बाबतीत त्याची जागा स्पष्ट दिसते: संध्याकाळी साडेसहा ते रात्री अकरा.

आधी पाळणाघरात विचार, की तो दुपारी कधी झोपतो आणि कधी उठतो. अकरापर्यंत जागणारी या वयाची बरीच मुलं दुपारी उशिरा झोपून साडेचार-पाचला उठतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला 10 ते 13. तुझा मुलगा या दोहोंच्या सीमेवर आहे. समज, तो दुपारी दोन ते साडेचार झोपतो आणि रात्री अकरा ते सकाळी सात. एकूण साडेदहा तास होतात, म्हणजे त्यालाही झोप थोडी कमीच पडते आणि संध्याकाळच्या लोळण्यात तिचा वाटा असतो. पाळणाघरातल्या मावशींना सांग की त्याला साडेबारा-एकला झोपवा आणि तीनच्या पुढे झोपू देऊ नका. हे एका दिवसात करू नकोस, दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आण. दुपारची झोप बंद मात्र करायची नाही. अतिदमलेलं मूल रात्री लवकर झोपत नाही, उलट जास्त पेटतं.

दुसरा बदल जेवणाचा. घरी पोचल्यावर आधी कुकर, मग पोळ्या, मग भाजी आणि साडेआठला त्याला भरवणं, हा क्रम मोड. त्याचं जेवण सात वाजता, आणि तेही सकाळीच करून ठेवलेलं: वरणभात-तूप, दहीभात, मऊ खिचडी, थालीपीठाचे तुकडे, जे तो खातो ते. आठवड्यात तेच तीनदा आलं तरी काही बिघडत नाही. किती खायचं ते त्याचं पोट ठरवेल. चार घास खाऊन ताट सरकवलं तर उचलून ठेव. या वयात वाढीचा वेग पहिल्या वर्षापेक्षा मंदावतो, त्यामुळे भूकही रोज सारखी नसते. वजन ठीक आहे असं डॉक्टर म्हणत असतील, तर घास मोजणं सोडून दे. घराघरांतल्या संध्याकाळच्या भांडणांचा मोठा हिस्सा या एका ताटाभोवती असतो.

जेवणानंतर हॉलमधले मोठे दिवे आणि टीव्ही बंद, अंग पुसणं, एक गोष्ट, अंथरूण. दुपारची झोप अलीकडे सरकली की हळूहळू नऊ-साडेनऊपर्यंत तो झोपेल. तुम्हा दोघांना दीड तास मोकळा मिळेल. तो तास भांड्यांना आणि लॅपटॉपला देऊ नका, निदान पहिले काही आठवडे तरी.

रात्रीचं गणित वेगळं. दोघंही अर्धवट जागे राहिलात तर सकाळी दोघंही निकामी. म्हणून रात्र वाटून घ्या: दोनपर्यंत एकाची पाळी, दोननंतर दुसऱ्याची. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, तेव्हा सध्या पहिल्या भागातली झोप तुला मिळावी. पहिल्या दोन-तीन रात्री मुलगा ‘आईच हवी’ म्हणून आकांत करेल आणि तू उठून जाशील. जाऊ नकोस. बाबाने समजूत काढायला शिकायचं असेल, तर ती काढण्याची संधी त्याला मिळायला हवी.

आता त्याच्या पार्किंगमधल्या बसण्याबद्दल. मला तो आळस वाटत नाही. तीच झीज आहे, फक्त ती गाडीत बसून राहते. त्याला रागावण्याऐवजी वीस मिनिटं उघडपणे दे: ‘पावणेआठपर्यंत तुझा वेळ, फोन करणार नाही. वर आलास की अर्धा तास मुलगा तुझा.’ त्या अर्ध्या तासात तू स्वयंपाकघरात थांबायचं नाहीस. खाली उतर, सोसायटीत चक्कर मार, भाजी आणायचं निमित्तही नको. घरात असलीस की मूल तुझ्याकडेच धावणार आणि ‘त्याची ती पँट कुठेय’ असं नवराही तुलाच विचारणार. कामाची वाटणी करताना मदत मागू नकोस, आख्खं खातं सोपव. लसीकरण आणि डॉक्टर त्याच्याकडे असतील, तर तारीख लक्षात ठेवण्यापासून फाईल शोधण्यापर्यंत सगळं त्याचं.

हात उगारला गेला त्याबद्दल बोलायलाच हवं. लहान मुलांचे लोळण घेऊन रडण्याचे झटके बहुधा पाच मिनिटांच्या आत ओसरतात. आधी राग वर जातो, मग रडू उरतं आणि मूल जवळ येऊ पाहतं. रागाच्या चढावर समजावणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, प्रश्न विचारले तर राग वाढतो. जमिनीवर जवळ बस, कमीत कमी बोल, त्याला लागणार नाही एवढं बघ. तो रडण्यावर आला की कुशीत घे. आणि तुझ्या जबड्यात, खांद्यात ताठरपणा आला, आवाज चढायला लागला की तीच तुझी वेळ, हात वर जायच्या आधीची. त्याला सुरक्षित जागी बसव, ‘आई पाणी पिऊन येते’ म्हण आणि दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर गार पाणी मार, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. दोन मिनिटं तो रडला तर काही बिघडणार नाही.

परवा जे झालं ते मात्र तसंच सोडू नकोस. आजही चालेल. त्याच्याजवळ बस आणि साध्या शब्दांत सांग: ‘आईने हात वर केला. तू घाबरलास. चूक आईची होती.’ ‘पण तू पण ना…’ हे शेपूट जोडू नकोस. अडीच वर्षांचं मूल एवढं समजतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचं बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा चांगल्या जोड्यांचेही सूर जेमतेम एक तृतीयांश वेळच जुळलेले दिसले. उरलेल्या वेळात चुकामूक आणि पुन्हा जुळणं चालू असतं. मुलाचा विश्वास त्या पुन्हा जुळण्यातून बांधला जातो.

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं खरं असेल. त्यांच्या चार मुलांना जावा, नणंदा, शेजारच्या काकू आणि वाड्यातली मोठी पोरं सांभाळत होती. 42 देशांतल्या 17 हजारांहून जास्त पालकांची एक पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या समाजांत जो तो आपल्यापुरता जगतो, तिथे हा थकवा जास्त आढळला. हडपसरच्या फ्लॅटमध्ये आपण तसंच जगतो. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना मदतीला घे: संध्याकाळी साडेसहा ते सात एवढा वेळ त्यांनी त्याला खाली बागेत न्यावं, तोवर तू हातपाय धुऊन चहा पी. पाळणाघरात दिवसभर धरून ठेवलेलं त्याचं रडूही बागेत धावण्यात बरंचसं निवतं.

एवढं करण्याआधी किंवा करता करता रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि शाकाहारी असशील तर बी-12. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना, 57 टक्क्यांना, रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन नऊ असेल, तर मी वर लिहिलेल्या कशानेही अंगात बळ येणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या दोन-तीन महिने नियमाने घ्याव्या लागतील.

बदल जाणवायला साधारण दोन महिने धर. बेल्जियममध्ये अशा पालकांची आठ आठवड्यांची गटसत्रं घेतली. काही गटांत नेमके उपाय शिकवले, काहींत फक्त मनापासून ऐकून घेतलं. दोन्हीकडे थकवा कमी झाला, केसांत साठणारं ताणाचं संप्रेरकही घटलं. तेव्हा सल्ला न देता ऐकणारी एक मैत्रीण शोध. अंघोळ घालताना त्याच्या एखाद्या बोबड्या वाक्याने तुला न ठरवता हसू आलं, की समज, फरक पडायला लागलाय. दोन महिन्यांनंतरही तसं झालं नाही, ऑफिसातलंही हसू आटलं, झोप मिळूनही झोप लागेना किंवा हात पुन्हा उठला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. सगळं सोडून पळून जावं, जगूच नये असं तुला किंवा तुझ्या नवऱ्याला वाटलं, तर दोन महिने थांबायचं नाही. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार मनात आलाच, तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच रात्री दवाखान्यात घेऊन जा.

तुझी,
ताई