कर्जाला पगार दोघांचा, घरखर्चाला एकाचा

"सर, माझं वय २७. फोंड्याला राहते, वेर्ण्याला औषध कंपनीत क्यूसीत आहे. हातात ४१ हजार येतात, मूळ पगार २२ हजार. मे महिन्यात लग्न आहे. सासर पेडण्याला, यांची नोकरी म्हापशाला, पगार ४८ हजार. वेर्णा लांब पडतं म्हणून मी नोकरी सोडणार असं दोन्ही घरी ठरलं आहे. एप्रिलअखेर ४ वर्षं ४ महिने पूर्ण होतील आणि पीएफचे साधारण २ लाख येतील. यांचे मामा विमा एजंट आहेत. वर्षाला १ लाख असे १० वर्षं भरायचे आणि २० वर्षांनी हमखास २० लाख मिळणार, अशी योजना त्यांनी सांगितली आहे. पीएफचे पैसे त्यात घालू की एफडीत ठेवू? म्हापशाला ६२ लाखांचा फ्लॅट बुक केला आहे. ३ लाख दिलेत, अॅग्रीमेंट व्हायचं आहे. दोघांच्या नावे ५० लाखांचं कर्ज मंजूर झालं आहे, ताबा दीड वर्षाने. कृपया नाव छापू नये."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. त्यातही नको आणि एफडीतही नको. पीएफ आहे तिथेच राहू दे.

मामांच्या योजनेचं गणित दोन ओळींचं आहे. १० वर्षं १ लाख भरून विसाव्या वर्षाच्या शेवटी २० लाख मिळाले, तर व्याज पडतं साडेचार टक्के. 'दामदुप्पट' ऐकायला गोड लागतं, पण वीस वर्षांत दुप्पट म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. ज्या पीएफमधून तुम्ही पैसे काढायला निघालात, त्याने २०२४-२५ ला ८.२५ टक्के दिले. आणि पीएफचे २ लाख म्हणजे मामांचे दोन हप्ते. तिसरा कोण भरणार? तोवर तुमचा पगार नसेल. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी सोडलीत तर भरलेल्यातला मोठा भाग हातचा जातो. नवऱ्या मुलीचा पीएफ कधी सुटणार याचा अंदाज घेऊन पॉलिसी सुचवणारे मामा मी पुष्कळ पाहिले आहेत. नात्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न असेल तर एवढंच विचारा : "मामा, तिसरा हप्ता कुठून?" पुढचं बोलणं आपोआप थांबतं.

पण पत्रातली खरी चूक ही नव्हे. ती शेवटच्या दोन ओळींत आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत.

५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ४३,५०० च्या आसपास बसतो. बँकेने तो कशावर मंजूर केला? ४८ अधिक ४१, म्हणजे ८९ हजारांवर. मिळकतीच्या निम्मा हप्ता, बँकेच्या चौकटीत बरोबर बसणारा. आता त्यातून ४१ काढा. ४८ हजारांतून ४३,५०० गेले की उरतात साडेचार हजार. त्यात पेट्रोल, गॅस, औषधं, सणवार आणि मामांचा हप्ता. एकट्या ४८ हजारांवर निम्म्याच्या हिशेबाने २४ हजारांचा हप्ता झेपतो, म्हणजे साधारण साडेसत्तावीस लाखांचं कर्ज. उरलेले साडेबावीस लाख बँकेने तुमच्या पगाराकडे बघून दिलेत.

म्हणजे एकाच घरात तुमच्या पगाराचे दोन हिशेब चालू आहेत. कर्जाच्या फॉर्मला तुमची सॅलरी स्लिप लावली आहे, आणि घरच्या बोलण्यात ती नोकरी संपलेली आहे. गेल्या वर्षी माझ्यासमोर असंच एक कुटुंब बसलं होतं. टेबलावर मंजुरीपत्र, त्याला दोघांच्या तीन-तीन महिन्यांच्या स्लिपा पिन केलेल्या. मी नव्या सुनेची स्लिप हातात घेतली तशी सासूबाई हसून म्हणाल्या, "आता हिला नोकरी कित्याक? आमचें सगळें आसा." मी ती स्लिप पिनेतून काढून बाजूला ठेवली आणि उरलेल्या कागदांवर हप्ता मांडून दाखवला. मुलाने कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला आणि दोनदा करून बघितला. वाईट माणसं नव्हती ती. कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवलेच नव्हते.

तुम्ही सहकर्जदार आहात, तर याचा अर्थही समजून घ्या. बँकेच्या लेखी निम्मं कर्ज तुमचं, निम्मं त्यांचं असं काही नसतं. हप्ता थकला तर पूर्ण रक्कम कुणाही एकाकडून मागता येते, आणि तुमचा सिबिल स्कोअर त्यांच्या बरोबरीने खाली येतो. पगार नसतानाही ही जबाबदारी सुटत नाही. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घराचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं. पुढचा टप्पा देताना बँकेने पुन्हा कागद मागितले आणि एक पगार नाहीसा झालेला दिसला, तर पैसे अडकतात आणि बिल्डरचं व्याज चालू होतं.

"घर निम्मं तुझंच आहे ना," असं कुणीतरी म्हणेल. खरं आहे. गोव्यात लग्न नोंदवलंत आणि त्याआधी नोटरीकडे वेगळा करार केला नाहीत, तर इथल्या पोर्तुगीजकालीन नागरी संहितेप्रमाणे दोघांची मालमत्ता सामायिक होते. निम्मा हक्क तुमचा, नोकरी असो वा नसो. आयकरही हे मानतो. व्याज, घरभाडं अशी मिळकत गोव्यातल्या अशा नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये निम्मी-निम्मी वाटली जाते, आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलमच आहे. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो. पण निम्म्या हक्काने दर महिन्याच्या पाच तारखेला ४३,५०० भरता येत नाहीत.

आता अंतर. पेडणे ते वेर्णा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तीन नद्या ओलांडून. रोजचं जाणं-येणं त्रासाचं आहे, ते खोटं नाही. पण हा त्रास किती दिवसांचा? फ्लॅट म्हापशाला घेतलाय, ताबा दीड वर्षाने. दीड वर्षांच्या अंतरासाठी तुम्ही नोकरीच सोडताय. १८ महिने गुणिले ४१ हजार, जवळजवळ साडेसात लाख. याच दीड वर्षात म्हापशाला १४ हजारांनी एक बेडरूमचं घर भाड्याने घेतलं, तर भाडं जाईल अडीच लाख आणि तरी पाच लाख हातात राहतील. त्यांचीही नोकरी म्हापशालाच आहे. लग्न झाल्या झाल्या वेगळं बिऱ्हाड, हे पेडण्याला रुचणार नाही, कल्पना आहे. शनिवार-रविवार सासरी जा. दीड वर्षाने तुम्ही म्हापशालाच राहायला जाणार हे फ्लॅट बुक करताना सगळ्यांना मान्य होतंच.

आणखी दोन गोष्टी राजीनाम्याबरोबर जातात आणि त्यांची आठवण कुणी करत नाही. पहिली ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण झाली की मूळ पगाराच्या २६ भागांतले १५ भाग, दर वर्षामागे. तुमच्या २२ हजारांवर पाच वर्षांचे ६३ हजार होतात. एप्रिलला तुम्ही आठ महिने अलीकडे थांबताय, म्हणून मिळणार शून्य. काही कंपन्या चार वर्षं आणि २४० दिवस धरतात, त्या हिशेबातही तुम्ही बसत नाही. दुसरी बाळंतपणाची रजा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं, की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. तुमच्या पगारावर ती अडीच लाखांच्या घरात जाते. नोकरी सोडून दोन वर्षांनी बाळ झालं, तर यातलं काही नाही.

पीएफचंही तसंच. पाच वर्षं व्हायच्या आत काढलात तर रक्कम करपात्र धरली जाते आणि १० टक्के टीडीएस कापून हातात येते. तुमच्या मिळकतीवर तो रिटर्न भरून परत मिळेल, पण फेऱ्या तुमच्या. नोकरी बदललीत तर त्याच यूएएनवर खातं पुढे न्या, आधीची वर्षं धरली जातात. एक गंमत सांगतो. नोकरी सुटल्यावर पीएफ काढायला दोन महिने थांबायची अट होती, आणि १९५२ च्या पीएफ योजनेत लग्नासाठी राजीनामा देणाऱ्या बाईला ती माफ केलेली होती. तुमच्या दोन्ही घरांनी जे गृहीत धरलंय, ते सरकारने नियमातच लिहून ठेवलं होतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरी सोडायची तुमची इच्छा आहे, असं त्यात कुठेही नाही. 'दोन्ही घरी ठरलं आहे' एवढंच आहे. तुम्हाला स्वतःला थांबायचं असेल तर जरूर थांबा, त्यात कमीपणा नाही. मग मात्र ५० लाखांचं कर्ज नको. साडेसत्तावीस लाखांत जे बसेल ते घ्या, किंवा बुकिंग रद्द करून ३ लाखांतले किती परत मिळतात ते बिल्डरकडून लेखी घ्या. अॅग्रीमेंट झालेलं नाही म्हणून ही वाट अजून मोकळी आहे. नोकरी सोडायची आणि हाच फ्लॅटही घ्यायचा, एवढं एकच जमणार नाही.

हे बोलणं आधी होणाऱ्या मिस्टरांशी, दोघांतच करा. हक्क, स्वातंत्र्य हे शब्द काढलेत तर संध्याकाळपर्यंत विषय सासू-सुनेचा होईल. मंजुरीपत्र समोर ठेवा आणि विचारा, "हा हप्ता कुठल्या पगारातून?" पेडण्याला काय सांगायचं ते मग त्यांनी सांगावं, त्यांच्या आईवडिलांना त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. राजीनामा तोवर टाइपसुद्धा करू नका. थिवी, पिळर्ण, तुये इथल्या औद्योगिक वसाहतींत अर्ज टाकायला हरकत नाही. क्यूसीतला चार वर्षांचा अनुभव हातात असताना, चालू नोकरीवरून, पगाराचं बोलणं वेगळं होतं. नवीन ऑफर लेटर येईपर्यंत वेर्णा सोडायचं नाही. बदललीत तर ग्रॅच्युइटीची वर्षं पुन्हा एकपासून मोजली जातील, म्हणून जमलं तर पुढचा जानेवारी गाठा.

आणि उद्या कामावर गेलात की एचआरला विचारा, कंपनीची बस म्हापशापर्यंत जाते का, आणि सकाळी कुठल्या थांब्यावर किती वाजता असते.