कॉन्टॅक्ट लेन्सच्या फॉइलवरचा लॉट नंबर आणि एक्सपायरी फोटोवरून कशी वाचायची?

प्रश्न: फॉइलचा फोटो काढला, पण एक्सपायरीचा महिना `03` आहे की `08`, आणि लॉटमध्ये `B` आहे की `8`, ते कळत नाही. सील शाबूत आहे का हे फोटोवरून सांगता येईल का?

उत्तर: आधी त्याच फॉइलवर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या वक्रतेचा आकडा, शोधा. तो बहुधा `8.4` किंवा `8.6` असा आठनेच सुरू होतो, म्हणजे खात्रीचा `8` तुमच्या समोरच आहे. तो मोठा करून शंकेच्या आकड्याशेजारी ठेवा. `8` ची डावी बाजू बंद असते, `3` ची उघडी आणि `B` ची सरळ उभी. दोन्ही आकडे एकाच ठशाचे हवेत, एवढं मात्र बघा. काही फॉइलवर ठरावीक मजकूर आधी छापलेला असतो आणि लॉट-तारीख नंतर मारतात.

डावी बाजूच चमकेत बुडाली असेल तर ताणून वाचू नका, फोटो पुन्हा काढा. फ्लॅश बंद, उजेड बाजूने, आणि मोबाइल चिकटवण्याऐवजी थोडा लांब धरून झूम. मग फॉइल किंचित फिरवून दुसरा फोटो घ्या. चमक जागा बदलते, अक्षर बदलत नाही. डोळ्याच्या नंबरातलं वजा चिन्हही याच चमकेत हरवतं, म्हणून तो खोक्याशी ताडून बघा.

खोक्यावर (कधी फॉइलवरही) बारीक चौकटींचा चौकोनी कोड असेल तर तो स्कॅन करा, वाद तिथेच मिटतो. त्यातला शेवटचा भाग साधारण असा दिसेल:

```
(17)270831(10)B0478K
```

१७ नंतर एक्सपायरी: वर्ष, महिना, दिवस. म्हणजे ३१ ऑगस्ट २०२७, तुमचा महिना `08`. दिवसाच्या जागी `00` असेल तर महिनाअखेर धरतात. १० नंतर लॉट, तो `B` ने सुरू होतो. स्कॅनर कंस दाखवेलच असं नाही. कोड खोक्यावरचा असेल तर आतल्या फॉइलचा लॉट निदान वाचता येणाऱ्या अक्षरांत तरी त्याच्याशी जुळायला हवा. सुटी मिळालेली फॉइल असेल तर हा आधार नाही.

सीलचं उत्तर अर्धंच देता येतं. खळग्याभोवती फॉइल दाबून चिकटवल्याचा पट्टा दिसतो. तो कुठे तुटलाय, त्यातून सुरकुती आरपार गेलीय किंवा कड उचललीय, हे तिरप्या उजेडातल्या फोटोत कळतं. असं काही दिसलं तर ती लेन्स टाकून द्या. काहीच दिसलं नाही तरी सुईएवढं भोक फोटोत येत नाही; फॉइल ओढताना आत पाणी कमी किंवा लेन्स कोरडी निघाली तर तीही घालू नका.

सोल्युशनच्या बाटलीला झाकणाखाली कडं असेल तर फोटो समोरून नाही, कड्याच्या पातळीवरून काढा. झाकण आणि कडं जोडणारे बारीक दुवे तुटलेले दिसले की बाटली उघडलेली आहे. मग छापील एक्सपायरी कितीही पुढची असो, उघडल्यापासून किती दिवसांत टाकायची ते लेबलवर वेगळं दिलेलं असतं, आणि ती कधी उघडली हे कुठलाच फोटो सांगत नाही.