चार्जबॅक मागण्याआधी बँक विचारणार: रद्द कधी केलंत?

प्रश्न: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचं मासिक सदस्यत्व मी गेल्या वर्षी घेतलं. दर महिन्याच्या 9 तारखेला क्रेडिट कार्डातून पैसे जातात. 2 मार्चला ते रद्द करायला गेले, पण ‘रद्द करा’ दाबलं की पान नुसतं गोल फिरत राहायचं. तीनदा करून पाहिलं, मग कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. त्यानंतर 9 मार्च, 9 एप्रिल आणि 9 मे असे तीन वेळा पैसे कापले गेले. मैत्रीण म्हणते, कंपनीच्या नादी लागू नकोस, बँकेला सांग की हे व्यवहार माझे नाहीत, चार्जबॅक घे आणि कार्ड बदलून टाक. आज 20 मे. तसं करू का?

उत्तर: तसं करू नका. चार्जबॅक तुम्हाला मिळू शकतो, पण आजच्या आज नाही, आणि ‘व्यवहार माझे नाहीत’ या कारणाखाली तर मुळीच नाही. आधी कंपनीला लेखी कळवून सदस्यत्व रद्द करा, त्यांना थोडी मुदत द्या आणि त्यांनी दाद दिली नाही की बँकेकडे जा. हा क्रम का पाळायचा ते नीट सांगतो, कारण तुमच्या तीन हप्त्यांचं भवितव्य त्यावरच ठरणार आहे.

चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने एका ठरावीक व्यवहाराचे पैसे कंपनीच्या बँकेकडून परत मागणं. प्रत्येक मागणीला व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड-जाळ्याच्या नियमांतलं एक कारण जोडावं लागतं. तुमच्यासारख्या प्रकरणासाठी व्हिसाच्या नियमांत वेगळं कारणच आहे, क्रमांक 13.2: रद्द केलेला आवर्ती व्यवहार. मास्टरकार्डकडेही अशा तक्रारीची सोय आहे. दोन्हीकडे गाभा एकच. पैसे कापण्याची परवानगी तुम्ही काढून घेतली होती आणि तरीही पैसे कापले गेले, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून बँक पहिल्याच फेरीत दोन गोष्टी विचारते: रद्द कधी केलंत आणि कसं केलंत? ही तारीख अर्जात कोरी राहिली तर तो अर्ज जागेवरून हलत नाही. तारखेच्या आधीचा हप्ता कंपनीचा, नंतरचा हप्ता तुमचा, इतकी ती रेघ स्पष्ट असते.

चार्जबॅकने करार संपत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मेच्या हप्त्याचे पैसे परत आले तरी कंपनीच्या नोंदीत तुम्ही सदस्यच राहता. जूनमध्ये ती पुन्हा हप्ता मागेल, कदाचित मेचा हप्ता थकबाकी म्हणून दाखवेल आणि वसुलीची पत्रं सुरू करेल. कार्ड बदलूनही सुटका होईलच असं नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडे अशी सेवा आहे, जिच्यातून बदललेल्या कार्डाचा नवा क्रमांक नियमित हप्ते घेणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोचतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी मैत्रिणीच्या सल्ल्यासारखंच केलं होतं. नवं कार्ड हातात पडून महिना झाला नाही तोच त्याच कंपनीचा हप्ता त्या कार्डावर दिसला. त्या हादरल्या, पण त्यात चोरी नव्हती. त्यांनी सदस्यत्व कधी रद्दच केलं नव्हतं.

आता ‘व्यवहार माझे नाहीत’ या सल्ल्याकडे येतो. हे विधान खोटं आहे आणि ते तुमच्या नावाने बँकेच्या दप्तरी नोंदलं जाईल. शिवाय ते टिकतही नाही. व्हिसाने एप्रिल 2023 पासून कंपन्यांना उत्तर देण्याचा एक ठोस मार्ग दिला आहे. त्याच ग्राहकाचे, त्याच कार्डावरचे, किमान 120 दिवस जुने आणि कधीही तक्रार न झालेले दोन व्यवहार कंपनीने दाखवायचे. आयपी पत्ता किंवा उपकरणाची ओळख आणि त्याच्या जोडीला खात्याचं लॉगिन यांसारखे तपशील जुन्या आणि नव्या व्यवहारांत जुळले की फसवणुकीचा दावा कोसळतो. तुमचे गेल्या वर्षीचे हप्ते म्हणजे कंपनीच्या हाती आयता पुरावा आहे. आणि एकदा खोटं कारण दिलंत की पुढे खरं कारण सांगताना तुमचाच पहिला अर्ज आडवा येतो.

तर आज काय करायचं? कंपनीला ज्या ईमेलवरून नोंदणी केली होती त्याच ईमेलवरून लिहा. पत्र लांबलचक नको. एवढं पुरे: “माझं मासिक सदस्यत्व आजपासून रद्द करावं. माझ्या कार्डावरून यापुढे रक्कम घेण्याची परवानगी मी काढून घेत आहे. 2 मार्च रोजी मी आपल्या संकेतस्थळावरून सदस्यत्व रद्द करण्याचा तीन वेळा प्रयत्न केला, पण पान पुढे गेलं नाही. त्यानंतर घेतलेले 9 मार्च, 9 एप्रिल आणि 9 मे या तारखांचे हप्ते परत करावेत. दहा दिवसांत लेखी उत्तर द्यावं.” यातलं दुसरं वाक्य कधीही गाळू नका. परवानगी काढून घेतल्याचं तेच स्पष्ट शब्दांत सांगतं. मग खात्यात जाऊन ‘रद्द करा’ पुन्हा दाबा आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पान पुन्हा फिरत राहिलं तर त्याचा छोटा व्हिडिओ करा. त्या दिवशी जे घडलं तेच आजही घडतंय, हे दाखवायला त्यासारखं दुसरं काही नाही.

त्यानंतर 2 मार्चचा माग शोधा, कारण तुमच्या दाव्याचा सगळ्यात नाजूक भाग तोच आहे. ब्राउझरचा इतिहास उघडा. त्या दिवशी सदस्यत्वाचं किंवा रद्द करण्याचं पान तीनदा उघडल्याची नोंद वेळेसकट सापडली तर ती जपून ठेवा. त्याच दिवशी मैत्रिणीला ‘बटण चालतच नाहीये’ असा संदेश पाठवला असेल तर तोही उपयोगी आहे. आणि एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा: 2 मार्चनंतर तुम्ही लॉगिन करून एखादा पाठ पाहिलात का? कंपनीकडे ती नोंद असते आणि चार्जबॅकच्या उत्तरात ती हमखास पुढे येते. पाहिला असेल तर ज्या महिन्यात पाहिला त्या हप्त्याचा आग्रह सोडलेला बरा.

तुमचे हप्ते सारख्या ताकदीचे नाहीत, हे इथे लक्षात येईल. आजच्या ईमेलनंतर 9 जूनला पैसे कापले गेले तर तो दावा जवळपास निर्विवाद आहे. कंपनीच्या अटींत ‘नूतनीकरणाच्या अमुक दिवस आधी कळवावं’ असं असतं, ते तेवढं पाहून घ्या. आज ते 9 जून यात वीस दिवस आहेत. मार्च, एप्रिल आणि मेचे हप्ते मात्र 2 मार्चच्या फसलेल्या प्रयत्नावर उभे आहेत. तो प्रयत्न सिद्ध झाला तर तिन्ही परत मागता येतात, आणि नाही झाला तर बँक म्हणेल की रद्द करण्याची तारीख 20 मे. म्हणून अर्जात ‘2 मार्चला रद्द केलं’ असं लिहू नका. ‘2 मार्चला रद्द करण्याचा प्रयत्न केला, कंपनीच्या यंत्रणेने तो पूर्ण होऊ दिला नाही, 20 मे रोजी लेखी रद्द केलं’ असं लिहा. हे विधान खरं आहे आणि उलटतपासणीत मोडत नाही.

आता मुदतीचं गणित. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींत अशा तक्रारीसाठी साधारण 120 दिवस मिळतात, आणि ते प्रत्येक व्यवहाराची प्रक्रिया झालेल्या दिवसापासून वेगळे मोजले जातात. 9 मार्चच्या हप्त्याची मुदत 7 जुलैच्या आसपास संपते, 9 एप्रिलची 7 ऑगस्टच्या आणि 9 मेची 6 सप्टेंबरच्या. पण ही मुदत तुमच्या बँकेने जाळ्यात मागणी दाखल करण्याची आहे, तुम्ही शाखेत पोचण्याची नव्हे. बँकेला तुमची कागदपत्रं तपासायला वेळ लागतो आणि कित्येक बँका ग्राहकाला त्याहून कमी दिवस देतात. म्हणून उद्याच बँकेला फोन करून तिची स्वतःची मुदत विचारा. ती काही वेगळी नसेल तर मार्चच्या हप्त्यासाठी मी 10 जून ही शेवटची तारीख धरेन.

अशा प्रकरणांत दोन्ही टोकांच्या चुका मी पाहतो. कुणी पहिल्याच दिवशी बँकेत धावतं, कंपनी उत्तर देते की ‘ग्राहकाने आम्हाला कधी कळवलंच नाही’, आणि तात्पुरती जमा झालेली रक्कम परत वळती होते. कुणी उलट कंपनीच्या ‘आपली विनंती तपासात आहे’ या उत्तरावर तीन-तीन महिने बसून राहतं. असं उत्तर आलं तर सभ्यपणे आभार माना, पण तुमची दहा दिवसांची मुदत वाढवू नका. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून 120 दिवसांचं घड्याळ थांबत नाही.

एका बाबतीत मात्र थोडं थांबायला हवं. कंपनीने ‘पैसे परत करतोय’ असं लेखी कबूल केलं, तर 15 दिवस वाट पाहा. कबूल केलेला परतावा आला नाही, हे व्हिसाच्या नियमांत स्वतंत्र कारण आहे, आणि त्यात सहसा एवढे दिवस जाऊ द्यावे लागतात. ते कबुलीपत्र तुमच्या हातात असलं की 2 मार्चचा वादच उरत नाही, कंपनीनेच देणं मान्य केलेलं असतं. घाईने चार्जबॅक घेतला आणि परतावाही आला, तर एक रक्कम दोनदा जमा होते आणि ती निस्तरताना तुमचीच बाजू कमकुवत होते.

कंपनीची वाट न पाहता थेट बँकेत जायचे प्रसंगही असतात. ईमेल परत आला, संकेतस्थळ बंद पडलं, किंवा मुदतीचे जेमतेम काही दिवस उरले, तर थांबू नका. परत आलेला ईमेल हाच फसलेल्या प्रयत्नाचा पुरावा असतो. आणि जो व्यवहार तुम्ही खरोखरच केलेला नाही, त्यात रद्द करायला काही नसतं. तो तत्काळ बँकेला कळवायचा.

राहिला जूनचा हप्ता. आजच्या ईमेलची प्रत जोडून, जूनच्या पहिल्या तारखेच्या आत बँकेला लेखी सूचना द्या की या कंपनीचे पुढचे आवर्ती व्यवहार मंजूर करू नयेत. ही सूचना चार्जबॅकहून वेगळी आहे, ती झालेल्या व्यवहाराला लागू होत नाही. सूचना दिल्याचा क्रमांक मागून घ्या. 9 तारखेला खातं उघडून पाहा. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल तर त्यावर चार्जबॅक मागता येत नाही, तो पक्का होईपर्यंत थांबा. पक्का झाला की 10 तारखेला एकाच भेटीत चारही व्यवहार बँकेपुढे ठेवा, पण प्रत्येकाची तारीख आणि कारण वेगळं लिहून.