रोजचे फक्त 66 रुपये, पण भरायचे कधी?

प्रश्न: सर, मी 34 वर्षांचा, 4 एकर कोरडवाहू आहे, कापूस न् तूर. ओळखीचा एजंट म्हणते रोजचे फक्त 66 रुपये, दोन खर्रे कमी खा, 3 लाखाचा विमा न् 15 वर्षांनी साडेपाच लाख हाती. घरी आई, बायको, दोन पोरं. घेऊ का? रविवारी फॉर्म भरायला येतो म्हणाला.

भाऊ, रविवारी सही करू नका, आधी हे वाचा.

66 रुपये रोज म्हणजे वर्षाचे साधारण 24,000 न् 15 वर्षांचे 3 लाख 60 हजार. एजंट खोटं बोलला नाही, फक्त त्यानं आकडा बारीक करून सांगितला. 24,000 म्हटलं असतं तर तुमच्या डोक्यात खताच्या बॅगा आल्या असत्या, पोरांची फी आली असती, अन् 66 म्हटलं की खर्रा येतो, चहा येतो, म्हणजे ज्या खर्चाचा आपण हिशोबच ठेवत नाही तो. जॉन गूरविल नावाच्या अभ्यासकानं 1998 मध्ये हेच मांडलं होतं, की रोजचा आकडा ऐकला की माणूस त्याची तुलना रोजच्या किरकोळ खर्चाशी करतो म्हणून तो हलका वाटतो. पण आकडा खरंच किरकोळ असला तरच हे चालते. ट्रॅक्टरवाला कधी रोजचे सांगते का? समजा सहामाही हप्ता 90,000, तर रोजचे 500 झाले, अन् 500 म्हटलं की मजुराची रोजी आठवते, मग ते उलट जडच वाटते, म्हणून तो सहामाहीच सांगते.

आता मेन गोष्ट. तुम्हाला रोज 66 रुपये मिळतात का? दुधवाला असता, टपरी असती तर मी म्हटलं असतं ठीक आहे, रोज गल्ला येते, रोज बाजूला काढा. तुमचा पैसा येते कापूस विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, तूर त्याच्या मागून. अन् दोन खर्रे कमी केले तरी ते 66 रुपये कुठं जमा होतात? खिशातच राहतात न् बाजारात खर्च होतात. (खर्रा सोडाच, पण तो विम्यासाठी नाही, तोंडासाठी सोडा.)

अन् पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते, दरवर्षी हप्ता त्याच तारखेला येते. तुम्ही आत्ता, जुलैत फॉर्म भरला तर 24,000 दरवर्षी जुलैत, म्हणजे बियाणं, खत, डवरणी, निंदण सगळं डोक्यावर असताना. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सूट असते, म्हणजे ऑगस्ट, तेव्हा तर बोंडही नाही लागलं. मग एकतर सावकाराकडून आणा नाहीतर पॉलिसी बंद पडू द्या, अन् सुरुवातीच्या वर्षांत सोडली तर भरलेल्यातलं बरंच जाते.

तुम्ही औषध घेताना फसत नाही बघा. दुकानदार म्हणते पंपाला फक्त 120 रुपये, पण तुम्ही लगेच विचारता एकराला किती पंप, 10 पंप म्हणजे 1,200, 4 एकराला 4,800, अन् एकच फवारणी. तेच इथं विचारा, एकूण किती, न् कोणत्या महिन्यात.

परताव्याचं थोडक्यात सांगतो. 24,000 प्रमाणे 15 वर्षं भरून साडेपाच लाख म्हणजे वर्षाला साधारण 5 टक्के, अन् त्यातला बोनस पक्का नसते. तेवढेच पैसे पोस्टात पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी टाकले तर साधारण साडेसहा लाख होतात, दर सरकार बदलू शकते हे धरून. मधात अडलं तर ते पैसे सहज निघत नाहीत हे खरं, पण दुष्काळाच्या वर्षी 500 टाकले तरी खातं चालू राहते, हे मला तुमच्यासाठी त्या दोन टक्क्यांपेक्षा मोठं वाटते.

राहिला विमा. बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, 2 लाखाचा, वर्षाचे 436. एजंटच्याच भाषेत रोजचा सव्वा रुपयाही नाही! इथं मात्र मी रोजचा आकडा बिनधास्त सांगतो, कारण 436 रुपये मेच्या शेवटी कापले जातात तेव्हा खात्यात तेवढे असतातच, नसले तर ठेवा. दोन पोरं आहेत म्हणून 2 लाख कमीच पडतील, वरून एक साधा टर्म विमा घ्या, पण त्याची सुरुवात जानेवारीत करा, कापसाचा चुकारा आल्यावर, म्हणजे पुढचे हप्तेही जानेवारीतच येतील.

अन् एजंट ओळखीचा आहे, नाही म्हणायला जड जाते, तर त्याला एवढंच म्हणा की एका कागदावर वर्षाचा हप्ता, एकूण भरायची रक्कम, अन् तिसऱ्या वर्षी सोडली तर किती परत मिळतील हे लिहून सही करून द्या. आधीच सही होऊन बसली असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात, ती तारीख पॉलिसी आली त्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.