मालिकेतली स्मृती कुणाच्या सोयीसाठी जाते?

प्रश्न: आमच्या निपाणीच्या घरात संध्याकाळी मराठी आणि कन्नड दोन्ही मालिका चालू असतात. दोन्हीकडे कुणाचा तरी खरा बाप भलताच निघतो, नाहीतर कुणाची तरी स्मृती जाते. लेखकांना दुसरं काही सुचत नाही का?

सुचतं की! पण मालिका रोज चालवायची असते. मी मूळचा बेळगावच्या वडगावचा, काही वर्षं मुंबईत एका मालिकेच्या लेखकांत बसायचो. अर्ध्या तासात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं, आठवड्याला पाच-सहा भाग, आणि शेवट कधी ते कुणालाच माहीत नाही. अशा वेळी अपघात, लग्न, भांडण दोन दिवसांत खर्च होऊन जातं. गुपित तसं संपत नाही, कारण घरातल्या प्रत्येकाला ते वेगवेगळ्या दिवशी कळवता येतं. सासूला कळलं, तिनं दडवलं. नणंदेनं दाराआडून ऐकलं, तिनं सौदा केला. मुलाला कळायला अजून अवकाश आहे. त्याच दिवाणखान्यात, त्याच नटांवर एक बातमी आरामात दोन महिने चालते.

स्मृती जाण्याचं काम वेगळं आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ बघा. मालिका जुलै २००० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नायक मिहिर विराणीचा अपघाती मृत्यू दाखवला. प्रेक्षक इतके चिडले, की त्याला परत आणावं लागलं. तो परतला, पण काहीच आठवत नसलेला. मधल्या काळात डॉक्टर मंदिरानं त्याची शुश्रूषा केली होती आणि ती त्याच्यात गुंतली होती. आता हाच मिहिर शुद्धीत असता तर बायको तुळशीला फसवणारा नवरा ठरला असता, आणि तसा नायक घराघरातल्या बायकांनी खपवून घेतला नसता. स्मृती नसल्यामुळे परक्या बाईजवळ राहूनही तो निर्दोष राहिला.

त्याच धाग्यातून पुढे मिहिर-मंदिराचा मुलगा करण कथेत आला. एरवी नव्या पात्राला घरात रुजवायला बरेच भाग जातात. करण रक्तानं विराणी, म्हणजे त्याला हाकलता येत नाही. ‘हा मिहिरचा मुलगा’ एवढ्या एका वाक्यात तो तुळशीचा सावत्र मुलगा, तिच्या मुलांचा भाऊ आणि इस्टेटीचा वाटेकरी होतो.

(वैद्यकाचं म्हणाल तर डोक्याला मार बसल्यावर बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो. स्वतःचं नाव आणि बायको विसरून बाकी सगळं नीट करणं फार दुर्मिळ.)

तुमच्याकडे दोन्ही भाषांत हेच दिसण्याचं कारणही साधं आहे. मराठी मालिकेचा कन्नड रिमेक होतो, कन्नडचा मराठीत होतो. विनोद आणि बोलीची गंमत त्यात गळून पडते, पण ‘हा तुझा बाप नव्हे’ हे कुठल्याही भाषेत लगेच कळतं. खानापूरची माझी आत्या कन्नड अर्धंमुर्धं समजते, तरी कोण कुणाचं हे तिचं कधी चुकत नाही.

लेखक नुसते दिवस काढतायत का, हे ओळखता येतं. गुपित एक सोडून सगळ्यांना ठाऊक असेल आणि दर वेळी ऐनवेळी बेल वाजून किंवा फोन येऊन ते सांगायचं राहत असेल, तर पुढचं लिहून तयार नाही असं खुशाल समजा.