उरलेल्या चेंडूंत किती धावा? स्ट्राइक रेटविषयी वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा चौदा वर्षांखालच्या संघात खेळतो. परवाच्या सामन्यात तो २४ चेंडूंत १८ वर होता, म्हणजे ७५ चा स्ट्राइक रेट. प्रशिक्षकांनी बाहेरून निरोप पाठवला की शेवटी १२० व्हायला हवा. त्याच्या वाट्याला अजून साधारण १६ चेंडू येणार होते. ७५ आणि १६५ ची सरासरी १२० येते, म्हणून मी त्याला १६५ च्या वेगानं खेळ असं सांगितलं. बरोबर ना?
— एका खेळाडूचे बाबा, सांगली

नाही, १६५ पुरत नाही. तुमचा हिशोब फक्त एकाच वेळी जुळला असता: उरलेले चेंडूही २४ असते तर. इथं झालेले चेंडू २४ आणि उरलेले १६ आहेत, त्यामुळे संथ भागाचं वजन जास्त पडतं. १६५ च्या वेगानं १६ चेंडूंत २६ धावा होतात. एकूण ४० चेंडूंत ४४, म्हणजे ११० वर गाडी थांबते.

असा प्रश्न आला की स्ट्राइक रेट क्षणभर बाजूला ठेवा आणि धावांत बोला. डाव संपेपर्यंत एकूण ४० चेंडू. शंभर चेंडूंना १२०, तर ४० चेंडूंना ४८. त्यातल्या १८ झाल्या, उरल्या ३०. म्हणजे १६ चेंडूंत ३० धावा, १८७.५ चा वेग. उत्तर अपूर्णांकात आलं तर ते नेहमी वरच्या पूर्ण धावेकडे न्यायचं, कारण अर्धी धाव कुणी काढत नाही.

मैदानात उभं राहून करायचा असेल तर हाच हिशोब तुटीच्या भाषेत सोपा जातो. १२० म्हणजे चेंडूला १.२ धावा. २४ चेंडूंत २८.८ व्हायला हव्या होत्या, झाल्या १८, तूट १०.८. ती १६ चेंडूंवर वाटली की प्रत्येक चेंडूवर सुमारे ०.७ धावेचं जादा ओझं येतं. १.२ अधिक ते ओझं मिळून चेंडूला जवळपास १.९.

एक मात्र सांगतो. या वयाच्या मुलाला १८७ चा आकडा देऊन काहीच साधत नाही, तो पुढचा चेंडू डोळे मिटून फिरवेल. त्यापेक्षा त्या २४ चेंडूंमधले निर्धाव किती गेले ते वहीत बघा. त्यातल्या नुसत्या चार निर्धाव चेंडूंवर एकेरी धाव निघाली असती तर तो २४ चेंडूंत २२ वर असता आणि उरलेल्या १६ चेंडूंत २६ लागल्या असत्या, म्हणजे १६२.५. चार एकेरी धावांनी मागणी २५ नं खाली येते. चौदा वर्षांच्या मुलानं सरावात शिकायचं ते हे: चेंडू मोकळ्या जागेत ढकलून पळणं.

मेलबर्नला २०२२ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध कोहली एका टप्प्यावर २१ चेंडूंत १२ वर होता, तरी शेवटी ५३ चेंडूंत नाबाद ८२. मग उरलेला सगळा डाव तो दोनशेच्या वर खेळला असं म्हणायचं का? आणि संघाला लागणारा वेग व त्याचा स्ट्राइक रेट यांचा मेळ कसा घालायचा?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

सरासरीनं हो. ८२ मधून १२ गेले, ७० उरले. ५३ मधून २१ गेले, ३२ उरले. ३२ चेंडूंत ७० म्हणजे २१८.७५. पण त्या ३२ चेंडूंत वेग एकसारखा नव्हता, मोठा वाटा अगदी शेवटी आला. म्हणूनच तो डाव या विषयासाठी इतका चांगला धडा आहे.

लक्ष्य १६० होतं. १० षटकांनंतर भारत ४ बाद ४५, म्हणजे ६० चेंडूंत ११५ हव्या होत्या. चेंडूला दोनच्या थोडं खाली, शंभर चेंडूंना १९२ च्या आसपास. १७ षटकं झाली तेव्हा १८ चेंडूंत ४८. मधल्या ४२ चेंडूंत ६७ धावा झाल्या, म्हणजे चांगल्या १६० च्या वेगानं, तरीही मागणी १९२ वरून २६७ वर गेली. मागणीपेक्षा कमी वेगानं खेळलेला प्रत्येक चेंडू पुढच्या चेंडूंवर कर्ज चढवतो आणि चेंडू जितके कमी उरतात तितकं ते कर्ज जड होतं.

उलटंही तितकंच खरं. अठराव्या षटकात १७ आल्या, १२ चेंडूंत ३१ उरल्या. एकोणिसाव्या षटकाच्या पहिल्या चार चेंडूंत तीनच धावा आणि समीकरण ८ चेंडूंत २८, म्हणजे ३५०. मग हॅरिस रौफच्या शेवटच्या दोन चेंडूंवर कोहलीचे दोन षटकार, त्यातला पहिला मागच्या पायावरून सरळ डोक्यावरून. लगेच ६ चेंडूंत १६. दोन चेंडूंत मागणी ३५० वरून २६७ वर उतरली. सुरुवातीला तेच दोन षटकार बसले असते तर मागणीचा आकडा जेमतेम हलला असता.

मेळ घालताना दोन गोष्टी विसरू नका. संघाला लागणाऱ्या धावांत अवांतर धावाही येतात, फलंदाजाच्या खात्यात त्या येत नाहीत. आणि उरलेले सगळे चेंडू एकट्याला खेळायला मिळत नाहीत. दुसरा फलंदाज दीडशेच्या वेगानं खेळत असेल आणि निम्मे चेंडू त्याच्याकडे जाणार असतील, तर दोनशेची मागणी पुरी करायला पहिल्याला अडीचशे लागतात.

मी म्हापशाजवळच्या टेनिस बॉल स्पर्धांत गुण लिहितो. वाइड आणि नोबॉल फलंदाजाच्या चेंडूंत धरायचे की नाही यावरून दर रविवारी भांडण होतं. नियम काय?
— गुणलेखक, गोवा

वाइड धरायचा नाही. नोबॉल धरायचा. वाइडवर फलंदाजाला खेळण्याची संधीच मिळाली नाही असं नियम मानतो, म्हणून तो त्याच्या खात्यात जात नाही. नोबॉलवर तो फटका मारू शकतो, धावाही त्याच्या होतात, म्हणून चेंडूही त्याचा. षटकाच्या सहा चेंडूंत मात्र दोन्ही मोजत नाहीत. बाय आणि लेगबायचा चेंडू षटकातही जातो आणि फलंदाजाच्या खात्यातही, फक्त धावा अवांतरात पडतात.

मेलबर्नचंच शेवटचं षटक वहीत मांडून बघा, लेगबाय सोडून सगळे प्रकार त्यात सापडतील. मोहम्मद नवाझच्या पहिल्या चेंडूवर हार्दिक बाद. दुसऱ्यावर कार्तिकची एक धाव. तिसऱ्यावर कोहलीच्या दोन. पुढचा नोबॉल, त्यावर कोहलीचा षटकार. मग वाइड. मग फ्री हिटवर यष्ट्या उडाल्या आणि तीन बाय. पाचव्यावर कार्तिक यष्टिचित. मग पुन्हा वाइड, आणि शेवटी अश्विनची विजयी धाव.

एकूण चेंडू पडले नऊ. षटकात मोजलेले सहा. फलंदाजांच्या खात्यात सात: हार्दिक १, कार्तिक २, कोहली ३, अश्विन १. सहा अधिक एक नोबॉल म्हणजे सात, जुळलं. हीच तुमची दर रविवारची तपासणी: सगळ्या फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज ही वैध चेंडू अधिक नोबॉल एवढीच यायला हवी. २० षटकं पूर्ण आणि तीन नोबॉल असतील तर १२३. बेरीज जास्त आली तर बहुतेक वेळा कुणीतरी वाइड धरलेला असतो.

कोहली त्या षटकात गेला तेव्हा ५० चेंडूंत ७४ वर होता. तीन चेंडू, आठ धावा, आणि ८२. त्या तीन बायनी संघाचं समीकरण ३ चेंडूंत ५ वरून २ चेंडूंत २ वर आणलं, पण कोहलीच्या स्ट्राइक रेटला तो निर्धाव चेंडूच होता.

संगणकावर तक्ता केला आहे. १५१ चं लक्ष्य, १३.५ षटकांत ९८. २० मधून १३.५ वजा करून ६.५ षटकं उरली असं धरलं आणि ५३ ला ६.५ नं भागलं, ८.१५ आलं. टीव्हीवर मात्र ८.५९ दिसत होतं.
— क्लबचे चिटणीस, नाशिक

टीव्हीचं बरोबर आहे. १३.५ मधला ५ हा दशांश नाही, ते पाच चेंडू आहेत. १३ षटकांचे ७८ अधिक ५, म्हणजे ८३ चेंडू झाले. १२० मधून ८३ गेले, ३७ उरले. ३७ चेंडूंत ५३, म्हणजे शंभर चेंडूंना १४३ आणि षटकाला ८.५९. तक्त्यात षटकं A2 मध्ये असतील तर आधी त्यांचे चेंडू करून घ्या, मग पुढची सगळी गणितं चेंडूंवरच करा:

```
=INT(A2)*6+ROUND((A2-INT(A2))*10,0)
```

हंगामाच्या शेवटी प्रत्येक सामन्याच्या स्ट्राइक रेटची सरासरी काढतो. एका मुलाची २४० आली आणि सगळे हसले.
— शाळेतले क्रीडाशिक्षक, सातारा

त्यानं एका सामन्यात २ चेंडूंत ८ आणि दुसऱ्यात ५० चेंडूंत ४० असं काहीसं केलं असणार. ४०० आणि ८० ची सरासरी २४० येते खरी, पण त्याच्या हातून झाल्या ५२ चेंडूंत ४८ धावा, म्हणजे ९२. सगळ्या धावांची बेरीज, सगळ्या चेंडूंची बेरीज, आणि भागाकार एकदाच, शेवटी.

अजिंक्य रहाणेचा २०२३ चा आयपीएल हंगाम असाच उलगडून बघा. १८९ चेंडूंत ३२६, म्हणजे १७२.४८. त्यातले वानखेडेवरचे २७ चेंडूंत ६१ आणि ईडन गार्डन्सवरचे २९ चेंडूंत नाबाद ७१ बाजूला काढले तर उरतात १३३ चेंडूंत १९४, म्हणजे १४६ च्या जवळ. दोन डावांनी एवढा फरक पाडला, कारण त्या दोन डावांत हंगामातले ५६ चेंडू होते. मला त्या हंगामातले हे १४६ सुद्धा मोलाचे वाटतात, पण त्यांची कुणी चर्चा केली नाही.

एखादा डाव इतका मागे पडतो का, की मग काही केलं तरी भरून निघत नाही?
— निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

पडतो. लॉर्ड्सवर ७ जून १९७५ ला इंग्लंडनं ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या आणि गावसकर पूर्ण डाव खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६ राहिले. भारत ३ बाद १३२. स्ट्राइक रेट २०.६९. आता समजा तो निदान ६० करायचा होता. १७४ चेंडूंत १०४.४ हव्या होत्या, तूट ६८.४. एका षटकारानं ६ मिळतात, पण त्या चेंडूच्या स्वतःच्या वाट्याचे ०.६ वजा जाता भरून निघतात ५.४. ६८.४ ला ५.४ नं भागलं तर १२.७. म्हणजे लागोपाठ तेरा षटकार, तेव्हा कुठे १८७ चेंडूंत ११४ होऊन ६० ओलांडले जातात. बारा षटकारांनी ५८ वरच राहतो.