प्लग घालूनही कानात शिट्टी वाजते, कारण तो मधेमधे निघतो

प्रश्न: "रोज चार तास ड्रम शिकवतो. फोमचे प्लग घालतो, पण मुलांचं बोलणं आणि सिम्बल नीट कळत नाहीत म्हणून मधेमधे काढावे लागतात. रात्री कानात बारीक शिट्टी वाजते. प्लग असूनही असं का?"

बहुतेक त्या 'मधेमधे'मुळेच. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करत आलो आणि माझ्या डाव्या कानाच्या, म्हणजे हाय-हॅटच्या बाजूच्या कानाच्या, ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, आता 4000 हर्ट्झला खड्डा आहे, त्या पट्टीतलं मला कमी ऐकू येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या खोलीत सरासरी 97 डेसिबल धरू. छोट्या खोलीत सेट वाजत असेल तर एवढं सहज होतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी, की 85 डेसिबल आठ तास चालतील आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक आणि 97 ला फक्त अर्धा तास. आता तुमच्या प्लगने खरोखर 12 डेसिबल कमी केले, तर कानापर्यंत 85 पोचतात आणि तुमच्या चार तासांत दिवसाचा निम्माच कोटा संपतो. पण त्यातली पंधरा मिनिटं प्लग बाहेर असेल, तर उरलेल्या पावणेचार तासांत कानावर जेवढं पडतं तेवढं त्या पंधरा मिनिटांतच पडतं आणि कोटा जवळपास पुरा होतो. तासाला साडेसात मिनिटं, म्हणजे एकूण अर्धा तास काढलात तर तो जवळजवळ दीडपट होतो. 'थोडा वेळच तर काढला' हे गणित इथे लागू पडत नाही.

मुळात तुम्ही ते काढता का, हे बघायला हवं. फोम वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा जास्त कापतो. शिवाय उघडा कान साधारण 2700 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवतो. कानाची नळी प्लगने बंद केली की ती वाढही जाते. व्यंजनांची धार आणि काठीची टक् त्याच पट्ट्यात असते, म्हणून सगळं कांबळं पांघरल्यासारखं वाटतं. वादकांसाठीच्या प्लगमधला फिल्टर ही हरवलेली वाढ भरून काढतो आणि सगळ्या स्वरांचा आवाज साधारण सारखाच कमी करतो. शिकवायला 15 डेसिबलचा फिल्टर घ्या. बँडमध्ये ड्रमशेजारी तासन्‌तास उभं राहायचं असेल तर 25 चा. कानाचा साचा काढून बनवलेले प्लग महाग असतात, पण फिल्टर बदलता येतात. तयार, एकामागे एक कड्या असलेले प्लगही सुरुवातीला चालतील, कानात नीट बसले पाहिजेत एवढंच.

आणि तिथेच सगळे चुकतात. विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, मग प्लग आत सरकवा. फोम असेल तर आधी बारीक वळा आणि आत घातल्यावर वीसेक सेकंद बोटाने धरून ठेवा. मग तोंड मिटून गुणगुणा. आवाज दोन्ही कानांत सारखाच घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमत असेल तर तिकडे फट आहे. दुसरी खूण म्हणजे सेट वाजत असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट धरायचे. आवाज एकदम बराच कमी झाला तर प्लग बसलेलाच नाही.

स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा वाटेल. प्लग थोडा खोल बसला की ते कमी होतं, आणि आठवड्याभरात सवयही होते. एक मात्र लक्षात ठेवा, प्लग घालून आपण नकळत हळू बोलतो. म्हणून मी नियम केलाय, बोलायचं असेल तेव्हा विद्यार्थ्याच्या काठ्या मांडीवर. कुणाला प्लग काढायची गरजच उरत नाही. हाताचा सराव पॅडवर घेतला तर खोलीतला आवाजही बराच उतरतो.

शिट्टी झोपेनंतर जाते तेव्हा कान बरा झाला असं वाटतं, पण ती थकव्याची खूण आहे आणि रोज थकवला तर कान पूर्ण सावरतोच असं नाही. ऑडिओग्राम करून घ्या, चाचणीआधी निदान सोळा तास मोठा आवाज टाळा, आणि 3000 ते 6000 हर्ट्झही तपासायला आवर्जून सांगा. खड्डा आधी तिथेच पडतो आणि साध्या बोलण्यात तो कळत नाही. एखाद्या सकाळी एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर मात्र मळ असेल म्हणून वाट पाहू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे उपचाराला दिवस गेले की फायदा कमी होत जातो.